यादीत नाव असूनही वाय-फाय नाकारते तेव्हा: रँडम मॅकचा गुंता सोडवण्याची पद्धत

जून-जुलैत नागपुरात बाहेरगावचे विद्यार्थी खोल्या आणि अभ्यासिका शोधू लागले की, त्यांच्या मागोमाग एक ठरावीक तक्रारही येते. फीचे पैसे भरलेले असतात, वाय-फायचा पासवर्ड मिळालेला असतो, व्यवस्थापकाने रजिस्टरमध्ये फोनचा मॅक ॲड्रेसही लिहून घेऊन राउटरच्या परवानगीच्या यादीत टाकलेला असतो, आणि तरी फोन जोडला जात नाही. शेजारच्या टेबलावरचा जुना फोन त्याच पासवर्डवर व्यवस्थित चालतो, त्यामुळे नवा फोनच बिघडला असावा अशी समजूत होते. नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेच्या राउटरची देखभाल माझ्याकडे आहे आणि हा प्रकार दर हंगामात नव्याने समजावून सांगावा लागतो, म्हणून तो क्रमाने लिहून ठेवत आहे. हा लेख मुख्यतः ज्याचा फोन नाकारला जातो आहे त्याच्यासाठी आहे. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी सहावी पायरी आहे.

मूळ गोष्ट अशी आहे. वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक पत्ता दिलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो ४८ बिटांचा असतो आणि दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. या पत्त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादक कंपनीचा आणि उरलेला त्या विशिष्ट उपकरणाचा असतो. पूर्वी फोन सगळीकडे हाच पत्ता सांगत असे, त्यामुळे एखादे दुकान किंवा मॉल केवळ वाय-फाय ऐकत राहून अमुक फोन पुन्हा येऊन गेला हे ओळखू शकत होते. ही पाळत थांबवण्यासाठी अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून, फोन प्रत्येक वाय-फाय नेटवर्कला आपला खरा पत्ता न देता स्वतः तयार केलेला एक वेगळा पत्ता देऊ लागले. यालाच रँडम मॅक म्हणतात, आणि तो आपण काहीही न करता सुरूच असतो.

आता यादीवर चालणारा राउटर काय करतो ते पाहा. तो तुमचे नाव, फोनचे मॉडेल किंवा सिमकार्ड यांपैकी काहीच पाहत नाही. समोरून आलेला मॅक ॲड्रेस यादीत आहे की नाही, एवढेच पाहतो. रजिस्टरमध्ये तुम्ही कारखान्याचा पत्ता लिहून दिला आणि फोनने दारात दुसराच पत्ता सांगितला, तर राउटरच्या दृष्टीने तुम्ही पूर्णपणे अनोळखी आहात. फोन नियमाप्रमाणे वागतो आहे, राउटरही नियमाप्रमाणे वागतो आहे. दुरुस्त करायची आहे ती फक्त दोघांमधली पत्त्याची तफावत.

सुरुवातीला जवळ काय असावे

- नाकारला जाणारा फोन, आणि त्याच वाय-फायवर चालत असलेले दुसरे एखादे उपकरण
- वाय-फायचे नेमके नाव आणि पासवर्ड
- यादीत तुमच्या नावापुढे काय लिहिले आहे त्याचा फोटो किंवा कागदावरची नक्कल
- राउटर तुमच्याच ताब्यात असेल तर त्याचा प्रशासक पासवर्ड, तसेच एक लॅपटॉप आणि लॅन केबल

केबल कशासाठी, ते सहाव्या पायरीत कळेल. ती नसेल तर सहावी पायरी सुरू करू नका.

१. अडथळा यादीचाच आहे ना, हे आधी ठरवा

फोन वाय-फायला जोडला जाताना कामे ठरावीक क्रमाने होतात. आधी फोन राउटरला आपला मॅक ॲड्रेस सांगून जोडणीची परवानगी मागतो. ती मिळाल्यावर पासवर्ड बरोबर आहे की नाही याची पडताळणी होते, आणि ते झाल्यावर राउटर फोनला आयपी ॲड्रेस देतो. बहुतेक राउटरांमध्ये यादीची तपासणी पहिल्याच टप्प्यावर होते, म्हणजे तुमचा पासवर्ड तपासण्याची वेळच येत नाही. त्यामुळे पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काहीही साधत नाही. गोंधळ वाढतो तो असा की, काही फोन अशा वेळी सरळ नकार मिळाला असे न सांगता पासवर्ड तपासून पाहा असाच संदेश दाखवतात. हा संदेश म्हणजे फोनने बांधलेला अंदाज असतो. राउटरने नकाराचे कारण फोनला सविस्तर कळवलेले नसते.

यादीच्या नकाराची खूण अशी: वाय-फायचे नाव दिसते, कारण राउटर ते सतत प्रसारित करत असतो; त्यावर बोट ठेवले की काही सेकंद प्रयत्न होतो आणि जोडणी तुटते; तोच पासवर्ड दुसऱ्या, यादीतल्या उपकरणावर चालतो; आणि तुमचा फोन घरच्या किंवा मित्राच्या वाय-फायवर नीट चालतो. या चारही गोष्टी जुळल्या तर पुढे चला. याउलट फोन जोडलेला दिसतो, पण इंटरनेट नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा अडचण दुसरी असते. काही राउटर मात्र यादीबाहेरच्या फोनला जोडणी देतात आणि इंटरनेट तेवढे अडवतात, म्हणून पुढची दुसरी आणि तिसरी पायरी तरीही करून पाहावी; दोन मिनिटांचे काम आहे.

२. फोन या नेटवर्कला कोणता पत्ता सांगतो आहे ते वाचा

सगळ्यात जास्त घोटाळा याच पायरीवर होतो, कारण फोनमध्ये मॅक ॲड्रेस वेगवेगळ्या जागी दिसतो आणि सगळ्या जागी एकच पत्ता नसतो. आपल्याला हवा आहे तो त्या एका वाय-फायसाठी फोन वापरत असलेला पत्ता, आणि तो त्या वाय-फायच्या स्वतःच्या माहितीच्या पानावरच पाहायचा असतो.

अँड्रॉइडवर वाय-फायच्या यादीत त्या नावाशेजारच्या दातेरी चाकावर बोट ठेवले की ते पान उघडते. नेटवर्क आधी जतन झालेले असावे लागते, म्हणून एकदा पासवर्ड टाकून अयशस्वी प्रयत्न झाला असला तरी चालते. खाली `Randomized MAC address` किंवा नुसते `MAC address` असे लिहिलेले सापडेल. आयफोनवर नावाशेजारच्या गोल चिन्हातल्या `i` वर बोट ठेवा. तिथे `Private Wi-Fi Address` आणि त्याखाली `Wi-Fi Address` दिसतो. विंडोज लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील ओळ टाका आणि वाय-फायच्या भागातला `Physical Address` वाचा:

```
ipconfig /all
```

चुकीच्या जागाही सांगून ठेवतो. `About phone` मधला पत्ता बहुधा कारखान्याचा असतो. तो खरा आहे, पण फोन सध्या तोच पाठवतो आहे असे त्यावरून ठरत नाही. `*#06#` डायल केल्यावर येतो तो पंधरा अंकी आयएमईआय, त्याचा वाय-फायशी संबंध नाही, तरी तोच रजिस्टरमध्ये लिहून देणारे पुष्कळ भेटतात. ब्लूटूथचा पत्ता वाय-फायच्या पत्त्याशेजारीच छापलेला असतो आणि कधी कधी दोघांत शेवटच्या अक्षराचाच फरक असतो, त्यामुळे घाईत तो उतरवला जातो. मॅक ॲड्रेस दाखवणारे एखादे ॲप उतरवून घेतले असेल आणि ते `02:00:00:00:00:00` असे दाखवत असेल, तर तो कोणाचाच पत्ता नाही. अँड्रॉइड ६ पासून सर्वसाधारण ॲपला खरा पत्ता दिला जात नाही, त्याऐवजी हा ठोकळा दिला जातो. आमच्या रजिस्टरमध्ये एकेकाळी दोन विद्यार्थ्यांच्या नावापुढे हाच पत्ता लिहिलेला होता.

३. पत्त्याचे दुसरे अक्षर पाहा

पत्ता कारखान्याचा आहे की फोनने तयार केलेला, हे ओळखण्यासाठी कुठल्याही साधनाची गरज नाही. पहिल्या जोडीतले दुसरे अक्षर पाहायचे. ते `2`, `6`, `A` किंवा `E` यांपैकी असेल तर पत्ता रँडम आहे असे समजून चालावे.

यामागचे कारण साधे आहे. पत्त्याच्या पहिल्या जोडीत आठ बिटे असतात. त्यांतले शेवटून दुसरे बिट १ असेल तर तो पत्ता कोणा उत्पादकाच्या वाट्याचा नसून स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे, असा नियम आहे. शेवटचे बिट ० असणे म्हणजे तो एकाच उपकरणाचा पत्ता असणे. शेवटची दोन बिटे १ आणि ० अशी येतात ती `2`, `6`, `A` आणि `E` या चारच अक्षरांत. फोन उरलेली ४६ बिटे मनाला येतील तशी निवडतो, पण ही दोन त्याला पाळावीच लागतात. त्यामुळे राउटरची यादी सांभाळणाऱ्याला फोन हातात न घेताही, नुसत्या रजिस्टरवर नजर फिरवून, कोणी रँडम पत्ता दिला आहे आणि कोणी कारखान्याचा, हे सांगता येते.

४. दोनपैकी एक मार्ग ठरवा

पहिला मार्ग म्हणजे फोनला या एका वाय-फायपुरता कारखान्याचा पत्ता वापरायला सांगणे आणि यादीत तोच ठेवणे. दुसरा मार्ग म्हणजे फोन जसा आहे तसाच ठेवून त्याने या वाय-फायसाठी तयार केलेला रँडम पत्ता यादीत लिहिणे. दुसरा मार्गही चालतो, कारण रँडम म्हणजे दरवेळी नवा, असे नसते. अँड्रॉइड वाय-फायच्या नावावरून आणि सुरक्षा प्रकारावरून एक पत्ता तयार करतो आणि त्या नेटवर्कसाठी साधारणपणे तोच कायम वापरतो. नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडले तरी तोच येतो, आणि फोन फॅक्टरी रिसेट केला की बदलतो.

तरीही अभ्यासिका, वसतिगृह किंवा कार्यालय अशा रोजच्या जागी मी पहिला मार्ग सुचवतो. तिथे तुमचे नाव, आधार कार्डाची प्रत आणि मोबाइल क्रमांक रजिस्टरमध्ये आहेतच, तेव्हा त्या राउटरपासून पत्ता लपवून फारसे काही हाती लागत नाही. उलट राउटर बदलून नवे नाव दिले, किंवा सुरक्षा प्रकार डब्ल्यूपीए२ वरून डब्ल्यूपीए३ केला, की अँड्रॉइडचा रँडम पत्ता बदलतो आणि यादी पुन्हा लिहावी लागते. यादीतला कारखान्याचा पत्ता या सगळ्यातून टिकतो, फोनमध्ये मात्र नव्या नावासाठी तो पुन्हा निवडावा लागतो. पहिला मार्ग निवडल्याने इतर ठिकाणचे संरक्षण जात नाही, कारण ही सेटिंग प्रत्येक वाय-फायसाठी स्वतंत्र असते. रेल्वे स्थानकावर किंवा हॉटेलात फोन पूर्वीप्रमाणेच रँडम पत्ता देत राहतो.

दुसरा मार्ग योग्य ठरतो तो मित्राच्या हॉटस्पॉटवर किंवा जिथे चार-आठ दिवसच राहायचे आहे अशा जागी.

५. फोनमध्ये बदल करा

साध्या अँड्रॉइडवर त्या वाय-फायच्या पानावर `Privacy` उघडून `Use device MAC` निवडायचे. सॅमसंगवर हीच गोष्ट `MAC address type` या नावाखाली असते आणि तिथे `Phone MAC` निवडायचे. काही मॉडेलांत ती `View more` खाली दडलेली असते. नेटवर्क अजून जतन झालेले नसेल तर पासवर्डच्या चौकटीखालच्या `Advanced options` मध्ये पाहा.

आयफोनवर आयओएस १८ पासून `Private Wi-Fi Address` मध्ये `Off`, `Fixed` आणि `Rotating` असे तीन पर्याय आहेत. त्याआधी नुसते चालू-बंद करण्याचे बटण होते. पहिल्या मार्गासाठी `Off` निवडा, दुसऱ्यासाठी `Fixed`. `Off` केल्यावर वाय-फायच्या नावाखाली `Privacy Warning` असे शब्द दिसू लागतात. त्याचा अर्थ एवढाच की या जागी खरा पत्ता दिला जातो आहे, आणि तेच आपल्याला हवे होते.

`Rotating` मात्र यादीच्या वाय-फायवर कधीही ठेवू नका. त्यात पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. आयफोन पासवर्ड नसलेल्या किंवा जुनाट, कमकुवत सुरक्षा असलेल्या वाय-फायवर स्वतःहून `Rotating` निवडतो आणि सुरक्षित वाय-फायवर `Fixed`. काही मालक यादी आहेच, मग पासवर्ड कशाला, असा विचार करून पासवर्ड काढून टाकतात. तिथे आयफोनवाल्यांचे पंधरा दिवस छान जातात आणि एका सकाळी सगळे बंद पडते. तक्रार अशी विशिष्ट अंतराने परत येत असेल तर सर्वप्रथम हे तपासा.

विंडोजवर `Settings`, `Network & internet`, `Wi-Fi`, `Manage known networks` या वाटेने त्या नेटवर्कपर्यंत जाऊन `Random hardware addresses` हा पर्याय `Off` करा. तिथेही `Change daily` नावाचा पर्याय असतो, आणि तो निवडलेला असल्यास यादीचे काय होणार हे वेगळे सांगायला नको.

बदल केल्यावर वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करा आणि दुसऱ्या पायरीतले पान पुन्हा उघडून पत्ता खरोखर बदलला ना, हे डोळ्यांनी पाहा. दुसरे अक्षर आता `2`, `6`, `A` किंवा `E` नसावे. मगच तो पत्ता व्यवस्थापकाला द्या, आणि शक्यतो हाताने न लिहिता संदेश म्हणून पाठवा. हाताने लिहिताना `8` आणि `B` यांची अदलाबदल फार होते. या पत्त्यांत `0` ते `9` आणि `A` ते `F` एवढीच अक्षरे येतात, त्यामुळे जे इंग्रजी ओ सारखे दिसते ते नेहमी शून्यच असते.

६. राउटरच्या यादीत नोंद करा

ही पायरी व्यवस्थापकाची आहे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. घरगुती राउटरांवर तो बहुधा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. केबलचा आग्रह अशासाठी की, वाय-फायची यादी साधारणतः केबलने जोडलेल्या उपकरणाला लागू होत नाही. वाय-फायवरूनच यादीत बदल करायला बसलात आणि स्वतःचा लॅपटॉप त्यात नसताना यादी सुरू केलीत, तर त्याच क्षणी तुम्हीही बाहेर फेकले जाल, आणि मग केबल हाताशी नसेल तर राउटर रिसेट करून सगळी मांडणी पुन्हा करण्यावाचून पर्याय राहत नाही.

हवे असलेले पान `Wireless MAC Filtering`, `MAC Filter` किंवा `Access Control` अशा नावाने सापडते. तिथे नियम कोणता निवडला आहे ते आधी वाचा. `Allow` किंवा `Whitelist` असेल तर यादीतल्यांनाच प्रवेश मिळतो. `Deny` किंवा `Blacklist` असेल तर यादीतल्यांनाच अडवले जाते. काही राउटरांवर मुळात `Deny` निवडलेले असते. त्यावर फी भरलेल्या सगळ्यांचे पत्ते मन लावून भरले, तर फी न भरलेलेच तेवढे वाय-फाय वापरत बसतील.

पत्त्याचा नक्की आकडा मिळत नसेल तर एक खात्रीचा उपाय आहे. गर्दी नसलेल्या वेळी यादीचा नियम काही मिनिटे बंद ठेवा, तो एकच फोन जोडू द्या, आणि राउटरच्या `DHCP Client List` किंवा `Connected Devices` या पानावर आत्ता आलेला पत्ता तिथूनच उचलून यादीत टाका. फोन काय दाखवतो यापेक्षा राउटरला काय ऐकू आले, ते इथे थेट समजते. काही राउटरांच्या `System Log` मध्ये नाकारलेले पत्तेही वेळेसह नोंदलेले असतात. तुमच्या राउटरवर ती सोय असेल तर नियम बंद करण्याचीही गरज नाही.

प्रत्येक नोंदीपुढे वर्णनाची रकाना असते. तिथे टेबल क्रमांक आणि फोन की लॅपटॉप, एवढे लिहावे. यादीत किती नोंदी मावतात याला मर्यादा असते, आणि वर्णन नसेल तर वर्षभराने कोणती नोंद काढायची हे कोणालाच सांगता येत नाही. नोंद झाली की `Save` दाबायला विसरू नका. काही राउटर त्यानंतर वाय-फाय क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात, म्हणून ऑनलाइन चाचणी देणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी कल्पना द्यावी.

७. एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत

गोंदियाहून आलेल्या एका विद्यार्थ्याचा नवा अँड्रॉइड फोन आमच्या अभ्यासिकेत जोडला जात नव्हता. त्याने दिलेला पत्ता रजिस्टरमध्ये `00:00:5E:00:53:2C` असा होता आणि राउटरच्या यादीतही हुबेहूब तसाच होता. इथले पत्ते मी बदलून नमुन्याचे घातले आहेत, रचना मात्र तीच ठेवली आहे. त्याचे म्हणणे होते, "अबाउट फोनमधलाच नंबर लिहून दिला न जी मी, तीनदा पाहून दिला." आणि ते खरेच होते. दुसरे अक्षर `0`, म्हणजे तो कारखान्याचा पत्ता होता.

मग त्याच्या फोनवर आमच्या वाय-फायचे पान उघडले. तिथे `Randomized MAC address` पुढे `6E:1B:83:F4:09:D7` होते. दुसरे अक्षर `E`. तपासायचेच तर `6E` ची आठ बिटे ०११०१११० अशी होतात, शेवटून दुसरे १, शेवटचे ०. म्हणजे फोनने स्वतः बनवलेला पत्ता. यादी एका पत्त्याची वाट पाहत होती आणि फोन दुसराच सांगत होता. `Privacy` मध्ये `Use device MAC` निवडले, वाय-फाय बंद करून सुरू केले, आणि फोन लगेच जोडला गेला. यादीला हात लावावा लागला नाही.

संध्याकाळी तो पुन्हा आला. वरच्या मजल्यावर बसल्यावर वाय-फाय गेले होते. आमच्या राउटरवर दोन नावे आहेत, एक साधे आणि एक शेवटी `_5G` लावलेले. वर बसल्यावर त्याने दुसरे नाव निवडून तोच पासवर्ड टाकला होता. फोनच्या दृष्टीने नाव वेगळे म्हणजे नेटवर्क वेगळे, आणि सकाळी बदललेली सेटिंग पहिल्याच नावाला लागू होती. दुसऱ्या नावासाठी फोनने नवाच रँडम पत्ता तयार केला होता. त्या नावाच्या पानावरही `Use device MAC` निवडल्यावर प्रश्न मिटला. काही राउटरांवर दोन्ही नावांच्या यादीही वेगवेगळ्या असतात, तिथे नोंदही दोनदा करावी लागते. जिथे दोन नावे आहेत तिथे पाचवी पायरी दोनदा करायची, हे तेव्हापासून आम्ही सूचना फलकावरच लिहून ठेवले आहे.

८. मोबाइल हॉटस्पॉटची यादी

काही अँड्रॉइड फोनांच्या हॉटस्पॉटमध्येही ठरवलेल्या उपकरणांनाच जोडू देण्याची सोय असते, आणि खोलीत चार जण एका डेटा पॅकवर असतील तर ती उपयोगी पडते. कारण आणि उपाय तेच आहेत, फक्त इथे राउटरचे पान नसते, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये उपकरणाचे नाव आणि मॅक ॲड्रेस लिहायचा असतो. हॉटस्पॉटचे नाव लोक सहज बदलतात. कोणी गंमत म्हणून नवे नाव ठेवले की अँड्रॉइडवरचा जोडीदार फोन नवा रँडम पत्ता देतो आणि यादीतला जुना निरुपयोगी होतो. जोडणाऱ्या फोनवर कारखान्याचा पत्ता निवडला तरी नव्या नावासाठी तो पुन्हा निवडावा लागतो. आयफोनच्या हॉटस्पॉटमध्ये अशी यादी नसते, त्यामुळे तिथे जोडणी नाकारली गेली तर कारण दुसरीकडे शोधावे.

९. चालू असलेले पुन्हा बंद पडले तर

आधी काय बदलले ते विचारा. फोन फॅक्टरी रिसेट केला का, फोन बदलला का, राउटरचे नाव किंवा सुरक्षा प्रकार बदलला का, आणि नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडले का. अँड्रॉइडवर नेटवर्क विसरायला लावले की `Use device MAC` ही निवडही त्यासोबत जाते आणि पुन्हा जोडताना रँडम पत्ताच लागू होतो. कोणतीही अडचण आली की आधी नेटवर्क विसरायला लावा, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की, बरा झालेला फोन त्यामुळेच पुन्हा अडतो. या चारपैकी काहीच घडले नसेल, तर दुसऱ्या पायरीतला पत्ता आणि यादीतला पत्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

व्यवस्थापकांसाठी एक गोष्ट राहिली. मॅक ॲड्रेस हवेतून उघड्यावरच जातो, पासवर्डप्रमाणे तो झाकलेला नसतो, आणि लॅपटॉपवर दुसऱ्याचा पत्ता लावून घेणे जाणकाराला अवघड नाही. ही यादी फी भरलेल्यांची मोजदाद ठेवण्यापुरती कामाची आहे. वाय-फायचे खरे रक्षण डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ चा पासवर्डच करतो. म्हणून यादी असली तरी पासवर्ड काढू नये, आणि विद्यार्थी सोडून गेला की त्याची नोंद काढण्यासोबत पासवर्डही बदलावा. तसा बदलताना वाय-फायचे नाव आणि सुरक्षा प्रकार मात्र तेच ठेवावेत, म्हणजे ज्यांनी रँडम पत्ता यादीत दिला आहे त्यांची नोंद तशीच चालत राहते.